धोटा की शटल: एका लेखाच्या भाषेचं प्रकरण

गेल्या वर्षी माझ्याकडे एकाच विषयावरचे दोन अपुरे लेख पडून होते. विषय माझे वडील, अण्णा. एक लेख इंग्रजीत, सुमारे १८०० शब्दांचा, जवळजवळ पूर्ण झालेला. दुसरा मराठीत, ११०० शब्दांवर अडलेला. कुठला पुढे न्यायचा हे ठरायला चार महिने लागले. विचारलं त्या प्रत्येकानं सल्ला दिला. कुणी म्हणालं, जी भाषा जास्त सफाईनं लिहितेस तिच्यात लिही. कुणी म्हणालं, वडिलांवर लिहायचं तर मातृभाषेतच. माझ्या बाबतीत दोन्ही सल्ले अपुरे पडले. का पडले आणि शेवटी कशावरून ठरलं, ते इथे नीट मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं बालपण इचलकरंजीचं. अण्णा यंत्रमागावर कामगार होते, दुसऱ्याच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. घरात, गल्लीत, शाळेत दहावीपर्यंत मराठीच. मग डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगसाठी पुणं, वसतिगृह, आणि तिथून पुढे इंग्रजी. आज मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते, तीही इंग्रजीत. नवरा तमिळ, त्यामुळे घरातही निम्मं बोलणं इंग्रजीत चालतं. अण्णा २०१४ मध्ये गेले, सांगलीच्या एका रुग्णालयात, अकरा दिवस आजारी राहून. म्हणजे माझ्या आठवणींची वाटणी सरळच दिसत होती: कारखाना मराठीत, वसतिगृह आणि रुग्णालय इंग्रजीत.

लेखात तीन प्रसंग यायचे होते. मी सातवी-आठवीत असताना रात्रपाळीला अण्णांचा डबा घेऊन जायची आणि थोडा वेळ मागाजवळ उभी राहायची, हा पहिला. पुण्याला शिकायला जाण्यावरून आमच्यात झालेला तंटा, हा दुसरा. आणि रुग्णालयातली एक संध्याकाळ, हा तिसरा.

इंग्रजी मसुदा आधी झाला. एका इंग्रजी संग्रहासाठी आईवडिलांच्या कामावर लेख हवा होता. वाक्यं भराभर उतरली, कारण मी रोज तेच करते. पण पहिल्या प्रसंगात मी एकाच जागी पुन्हा पुन्हा ठेचकाळत होते. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला मी 'शटल' लिहिलं. शब्द बरोबरच आहे. पण तो लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे धोटा येतच नव्हता. यायचं ते बॅडमिंटनचं फूल, नाहीतर विमानतळावरची फेऱ्या मारणारी बस. मी वाचकाला समजावू लागले की हे लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोचा असलेलं, होडीसारखं असतं. ते समजावण्यात एक परिच्छेद गेला, आणि परिच्छेद संपला तेव्हा अण्णा त्यात कुठेच नव्हते. माहितीपुस्तक लिहावं तसं झालं होतं.

मराठी मसुदा सुरू केला तो रागानंच, एका रविवारी, काही ठरवून नाही. पहिलं वाक्य लिहिलं: 'कांडी संपली की अण्णा माग थांबवायचे.' आणि त्या वाक्यापाठोपाठ पुढचं आलं, जे इंग्रजीत तीन आठवडे बसूनही आलं नव्हतं. माग थांबला की धोटा बाहेर काढायचा, रिकामी कांडी काढून सुतानं भरलेली बसवायची, आणि मग सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यायचं. ते बोटांनी सहज येत नाही. अण्णा धोटा तोंडाला लावून आत श्वास ओढायचे, आणि सूत भोकातून त्यांच्या ओठांवर यायचं. एका पाळीत हे किती वेळा, मोजलं नाही कधी. त्यांच्या मिशीला कापसाचा भुरा लागलेला असायचा. पाळीवरून आले की पहिली चूळ भरून टाकायचे ती पांढुरकी. हे सगळं मला ठाऊक होतंच. पण 'शटल' या शब्दाला त्यातलं काहीही चिकटलेलं नव्हतं. 'कांडी' म्हटल्याबरोबर ओठ आले, मिशी आली, चूळ आली.

हे माझ्याच बाबतीत घडतं असं नाही. व्हिओरिका मरियन आणि अलरिक नायसर यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी साधे शब्द देऊन त्यावरून आठवेल तो प्रसंग सांगायला लावला, एकदा रशियनमध्ये आणि एकदा इंग्रजीत. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग जास्त यायचे, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीच्या काळातले. आठवण ज्या भाषेच्या संगतीत साठली, ती भाषा कानावर पडली की ती सहज हाताला लागते. २००३ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात तुर्की मातृभाषेच्या लोकांना तुर्की आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतली वाक्यं ऐकवून त्वचेवरच्या घामाच्या सूक्ष्म बदलातून भावनेचा जोर मोजला होता. लहानपणी आईवडील दटावताना वापरतात तशी वाक्यं तुर्कीत ऐकली की शरीर जास्त जोरात दचकायचं.

हे वाचल्यावर मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला, मराठीत लिहायचं. पण या अभ्यासातून कळतं ते एवढंच, की कुठली आठवण कुठल्या भाषेत लवकर सापडेल. सापडलेल्या आठवणीचं पुढे काय करायचं हे त्यातून कळत नाही, आणि माझा मराठी मसुदा नेमका तिथेच अडला. दुसऱ्या प्रसंगापाशी.

तो प्रसंग असा. दहावीला मला चांगले गुण मिळाले, पुण्याला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळत होता, आणि अण्णांनी वसतिगृहाच्या अर्जावर सही केली नाही. इंग्रजी मसुद्यात मी सरळ लिहिलं होतं की माझे वडील मला जाऊ देत नव्हते आणि मला त्यांचा संताप आला होता, वर्षानुवर्षं. तिथे हात अडला नाही. मराठीत मात्र मी लिहिलं, 'अण्णांची फारशी इच्छा नव्हती.' मग खोडून लिहिलं, 'अण्णांना ते तितकंसं रुचलं नाही.' ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत.

का होतंय हे कळायला वेळ लागला. एक कारण व्याकरणाचं. आम्ही अण्णांना 'अहो अण्णा' म्हणणारे, त्यांच्याविषयी बोलायचं तर 'ते', 'म्हणाले', 'आले नाहीत'. आईला मात्र 'तू' आणि 'ती'. इंग्रजीत दोघंही एका पातळीवर येतात. मराठीत अण्णांबद्दल लिहिलेलं प्रत्येक क्रियापद मान तुकवूनच येतं, आणि मान तुकवलेल्या वाक्यात तक्रार करणं जड जातं. दुसरं कारण रागाच्या वाक्याचं. इंग्रजीत राग हा कर्त्याचा असतो, 'मी रागावलेली आहे' असं म्हणावं लागतं. मराठीत आपण सहज 'मला राग आला' म्हणतो, जणू तो बाहेरून आला, थोडा बसला आणि गेला. आणि तिसरं कारण, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: तो तंटा झाला होता मराठीतच, पण त्याचा विचार मी केला होता इंग्रजीत. वसतिगृहात पहिल्या वर्षी मी वही लिहायची, आणि सुट्टीत घरी नेल्यावर धाकट्या भावाला वाचता येऊ नये म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायची. अण्णांवरचा माझा सगळा राग त्या वहीत वाढला. घटना एका भाषेत, राग दुसऱ्या. अशा वेळी 'जिथे घडलं तिथल्या भाषेत लिही' हा नियम चालत नाही.

म्हणून मी इंग्रजी परिच्छेद समोर ठेवला आणि त्याचं भाषांतर करायचं नाही असं ठरवलं. त्यातून एवढंच घ्यायचं की नेमकं काय म्हणायचंय, आणि मराठीत ते घरात कुठल्या शब्दांत घडलं ते शोधायचं. 'इच्छा नव्हती' आणि 'रुचलं नाही' या शब्दांत आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. झालं होतं ते असं: मी अर्ज पुढे केला, अण्णांनी वाचला आणि 'नको' म्हणाले. मी लिहिलं, 'अण्णा नको म्हणाले.' तीन शब्द. आदरार्थी क्रियापद तसंच आहे, आणि तरी वाक्यात कुठे मऊपणा नाही.

रागाचंही तसंच. 'मला संताप आला' खोडलं आणि विचार केला की मी केलं काय. मी अबोला धरला होता. तो शब्द लिहिल्याबरोबर अकरा दिवस परत आले. अबोल्यात घरचं काम थांबत नाही, त्यामुळे मी आईला सांगायची, 'त्यांना म्हणावं जेवायला बसा,' आणि अण्णा चार हातांवर बसून आईला सांगायचे, 'तिला म्हणावं कंदील पूस.' आई मधे. आणि आई निरोप जसाच्या तसा पोचवायची नाही. अकराव्या दिवशी अण्णा वैतागून म्हणाले होते, 'जाऊ दे तिला कुठं जायचं तिकडं.' मला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. आई बाहेर येऊन म्हणाली, 'अण्णा जा म्हणालेत.' मी अर्ज नेला आणि त्यांनी सही केली.

इंग्रजी मसुद्यात हे नव्हतं. तिथे मी 'बोलणं बंद केलं' अशा अर्थाचं एक वाक्य लिहून पुढे गेले होते. राग इंग्रजीनं दिला आणि त्या रागाच्या पोटातलं घर मराठीनं. दोन्ही मसुदे लिहिले नसते तर दोन्ही मिळालं नसतं, म्हणून ते चार महिने मी वाया गेले असं मानत नाही.

तरीही निर्णय झाला नव्हता. तो झाला तिसऱ्या प्रसंगावर.

रुग्णालयात दहाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आई माझ्या शेजारीच उभी होती. आयसीयूला ती 'काचेची खोली' म्हणायची. डॉक्टर वयानं लहान होत्या, दमलेल्या होत्या, चांगल्या होत्या. मी इंजिनिअर आहे हे त्यांना कळल्यापासून त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या, आणि मलाही ते सोयीचं वाटायचं, कारण त्या भाषेत मला रडू येत नसे. त्या म्हणाल्या, 'वुई कॅन कीप हिम कम्फर्टेबल. दॅट इज ऑल वुई कॅन डू नाऊ.' आईनं विचारलं, 'काय म्हणालेत गं?' मी म्हणाले, 'त्रास होऊ देणार नाही म्हणालेत.' पहिलं वाक्य मी सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. आई म्हणाली, 'बरं झालं,' आणि रात्रीच्या गाडीनं इचलकरंजीला गेली, कपडे धुवायला आणि देवाला दिवा लावायला. अण्णा पहाटे गेले.

माझ्या लेखाचा गाभा हा आहे, आणि इंग्रजी मसुद्यात तो दिसतच नव्हता. तिथे डॉक्टरही इंग्रजीत बोलत होत्या, मीही, आईही. मी काय गाळलं ते वाचकाला कळत होतं, पण मला गाळता का आलं ते कळत नव्हतं. दोन भाषांच्या मधली भिंत इंग्रजी मसुद्यानं पाडून टाकली होती. लिहावं लागत होतं, 'आईला इंग्रजी येत नव्हतं', आणि हे नुसतं कळवणं झालं. मराठी मसुद्यात डॉक्टरांची वाक्यं जशी ऐकली तशी, देवनागरीत, इंग्रजीच ठेवली की मराठी वाचक माझ्या जागी येऊन उभा राहतो. त्याला दोन्ही वाक्यं कळतात. शेजारी उभ्या असलेल्या बाईला कळत नाहीत, हेही त्याला कळतं. आणि मी अर्धंच सांगते तेव्हा तो तिथे साक्षीदार असतो. हे फक्त अशा वाचकापुढे घडू शकतं ज्याला दोन्ही भाषा येतात, आणि असा वाचक मला मराठीतच मिळणार होता.

त्या दिवशी मी इंग्रजी संग्रहाला नकार कळवला आणि लेख एका दिवाळी अंकाला देण्याचं ठरवलं. माझ्यापुरती कसोटी एवढीच उरली: ज्या प्रसंगावाचून लेख उभा राहत नाही, तो प्रसंग कुठल्या भाषेत लिहिला तर त्यातली घटना पुसली जात नाही? बाकीचे प्रसंग थोडे कष्ट घेऊन त्या भाषेत आणता येतात, जसा मी तंटा आणला.

याची किंमत मोजावी लागली हेही सांगायला हवं. नवऱ्याला लेख वाचता येत नाही. मुलगा मराठी अडखळत वाचतो. त्याला मी वाचून दाखवला आणि धोटा म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. इंग्रजीत लिहिला असता तर माझ्या घरातल्या दोघांपर्यंत तो थेट पोचला असता.

मराठी ठरल्यावरही एक प्रश्न निघाला जो आधी सुचला नव्हता. कुठली मराठी? आमच्याकडे बायकामुली 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्यात वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मी 'मी जेवलो' म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसल्या. दोन महिन्यांत मी 'जेवले' म्हणायला शिकले. आज मी लिहिते ती ही शिकलेली मराठी, आणि ती टाकून गावची बोली लेखभर वापरणं मला सोंग वाटलं असतं, कारण आता मी तशी बोलत नाही. पण मागाजवळ उभी असलेली तेरा वर्षांची मुलगी 'अण्णा, मी ओढते सूत' असं कधीच म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, 'अण्णा, मी ओढतो की.' शेवटी निवेदन आजच्या मराठीत ठेवलं आणि संवाद ज्याचा त्याच्या बोलीत. मुद्रितं आली तेव्हा सात ठिकाणी 'ओढतो'चं 'ओढते' आणि 'आलो'चं 'आले' झालेलं होतं. मुद्रितशोधकांनी आपलं काम केलं होतं. मी सातही जागा परत फिरवल्या आणि कारण लिहून पाठवलं. बोलीतले संवाद देणाऱ्यानं हस्तलिखितासोबतच अशी चिठ्ठी जोडावी, पुढचा त्रास वाचतो.

इंग्रजी शब्दांचंही ठरवून घ्यावं लागलं. प्रसंगात कुणी प्रत्यक्ष उच्चारलेलं इंग्रजी ठेवायचं, माझ्या स्वतःच्या विचारांत आलेलं काढायचं. म्हणून डॉक्टरांची वाक्यं राहिली, 'आयसीयू' राहिलं कारण भाऊ तसंच म्हणायचा, आणि 'काचेची खोली' राहिली. 'अतिदक्षता विभाग' काढला, तो दारावरच्या पाटीखेरीज कुठेच नव्हता.

आता राहिलं ते, जे मी सर्वांत शेवटी कबूल केलं. इंग्रजीत आधी लिहायला घेतलं त्याचं कारण संग्रह नव्हता. इंग्रजीत लिहिलेलं आई वाचू शकणार नव्हती. आई चौथी शिकलेली आहे, मराठी सावकाश वाचते, दिवाळी अंक तर शेजारणीकडून मागून आणून वाचते. मराठीत लिहायचं म्हणजे ते दुसरं वाक्य तिला छापून कळणार. तसं कळणं मला बरं वाटेना. म्हणून मुद्रितं परत करण्याआधी मी इचलकरंजीला गेले आणि तिला लेख वाचून दाखवला.

कांडीच्या जागी तिनं मला थांबवलं. म्हणाली, अण्णा उजव्या बाजूनं ओढायचे, डावीकडचा दात पडलेला होता त्यांचा. ते मी लिहून घेतलं. अबोल्याच्या जागी काही बोलली नाही. डॉक्टरांची वाक्यं मी वाचली, तेव्हा म्हणाली, 'परत वाच.' मी परत वाचली. 'पहिलं सांगितलंस. दुसरं काय हाय?'

मी म्हणाले, 'आता आम्ही एवढंच करू शकतो.'

'आम्ही म्हणजे डॉक्टर लोक, का आपण?'

मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजी वाक्यात दोन्हींना एकच शब्द आहे. डॉक्टरांनी कोणाला धरलं होतं, ते मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, 'आपण पण असू.'

आई थोडा वेळ माझ्या हातातल्या कागदांकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'मग मी घरला गेलो नसतो त्या रात्री.'